आईच्या फोनची साफसफाई

आई स्नेहलतागंजात राहते, मी त्याच शहरात पलासियाला. तिचा फोन आला, "अरे, मोबाईल भर गया बोलतोय. वेळ असेल तर ये." मला वेळ रविवारी मिळाला.

तिच्याजवळ बसून मी फाइल्स उघडल्या. आधी भजनांच्या आणि पंचांगाच्या ॲपच्या जुन्या एपीके, म्हणजे इन्स्टॉल करायच्या फाइली, उडवल्या. "पंचांग जाईल ना," ती म्हणाली. ॲप राहतं, फक्त त्याचं खोकं जातं, असं मी जरा चिडूनच समजावलं. मग स्क्रीनशॉट गेले, बहुतेक चुकून निघालेले.

शेवटी स्क्रीन रेकॉर्डिंगं उरली. टॉर्च लावताना तिचं बोट शेजारच्या रेकॉर्डिंगच्या बटणावर पडायचं, आणि फोनने काहीही विचारलं की ती 'स्टार्ट' दाबायची. पुसण्याआधी मी एक चालवून पाहिलं.

पडद्यावर माझंच चॅट होतं. तिने 'केव्हा येतोस' लिहिलं आणि पुसलं. 'जेवलास का' लिहिलं, तेही पुसलं. मग सुप्रभातवालं गुलाबाचं फूल पाठवलं. थोड्या वेळाने त्याखाली माझा अंगठा आला. रेकॉर्डिंग तरीही चालूच होतं. बराच वेळ ती तो अंगठा बघत बसली होती.

"झाला का मोबाईल खाली?" आईने विचारलं.