पाठ लागली की नाही

आमच्या उल्हासनगरच्या कॉलेजात बॉक्सिंगचे सामने होते आणि माइक माझ्या हातात होता. मनगट मोडल्यामुळे मी त्या वर्षी खेळत नव्हतो, म्हणून सरांनी प्रेक्षकांना खेळ समजावायला बसवलं. रिंगमध्ये माझा धाकटा भाऊ उतरणार होता. पहिल्या रांगेत बाबा होते. बदलापूरहून, शेतावरचं काम टाकून आले होते. तरुणपणी जत्रेतल्या कुस्त्या गाजवलेला माणूस. त्यांनी घरी आधीच बजावलं होतं, "जिकलास तं खेल. नायतं अंबरनाथला कंपनीत चिकट."

मी खरं तर त्यांच्यासाठीच बोलत होतो. जत्रेत पंच नजरेने जोड लावतात, इथे वजनकाटा लावतो. एक्कावन्नच्या वर आणि चोपन्न किलोपर्यंतची पोरं एका गटात. तीन मिनिटांचे तीन राउंड, मध्ये मिनिटभर विसावा. कडेला पाच पंच. राउंडमध्ये सरस ठरेल त्याला वीस गुण, दुसऱ्याला त्याहून कमी. शेवटी जास्त पंच ज्याच्या बाजूने, तो जिंकला. "आणि नीट ऐका," मी दोनदा म्हणालो, "कुस्तीत पाठ मातीला लागली की खेळ संपला. इथे खाली पडला म्हणजे हरला नाही. दहा मोजेपर्यंत उठला नाही तरच हरला. पाडणाऱ्या ठोशालाही एकाच ठोशाची किंमत." बाबा मान डोलावत होते. मला वाटलं, पोचलं.

पहिला राउंड भावाचा. दुसऱ्यात समोरच्या, उल्हासनगर कॅम्प चारच्या पोराचा उजवा ठोसा हनुवटीवर बसला आणि भाऊ उताणा पडला. रेफ्रीचे आठ अंक होण्याआधीच तो उभा होता. मी माइकवर ओरडत होतो, "खेळ चालू आहे!" पण बाबा उठले, टोपी झटकली आणि मागे न बघता चालू पडले. तिसऱ्या राउंडमध्ये भावाने त्या पोराला श्वास घेऊ दिला नाही. तीन विरुद्ध दोन पंचांनी तो जिंकला. टाळ्या पडल्या तेव्हा पहिल्या रांगेतली ती खुर्ची रिकामी होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी आलो तर बाबा ओटीवर बसलेले. भावाने जिंकलेला कप त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी हातही लावला नाही.

"बाबा, तो जिंकला," मी म्हणालो. "पंचांनी निकाल दिलाय. तुम्ही थांबला असता तर..."

"तू गप. तुजा भोंगा आयकलाय मी." मग भावाकडे वळून, "पाठ लागली का नाय, तेवरा सांग."

नाही म्हण रे, मी मनात ओरडलो. ठोसा खाल्ला नाही, पाय घसरला म्हण. काहीही म्हण. पण त्याला लहानपणापासून त्याच माणसाने शिकवलं होतं, की कुस्तीत खोटं बोलायचं नाही.

"लागली," भाऊ म्हणाला.

"मंग झाला," बाबा म्हणाले, आणि सकाळच्या पाळीला किती वाजता निघावं लागतं ते त्याला सांगू लागले.