शिक्क्याखालच्या दोन रेघा

छापील ओळीवर शिक्का मारलेला कागद समोर आला की मी आता आधी शिक्का वाचतच नाही. आधी छापील मजकूर, ओळीमागून ओळ. शिक्क्याखाली गेलेला शब्द दिसत नसेल तर त्या जागी चौकटी कंस, आणि आत लिहिते : ‘शिक्क्याखाली, वाचता येत नाही’. अंदाज करत नाही, अगदी पुढचा-मागचा शब्द पाहून शेंबडं पोर सांगू शकेल असा शब्द असला तरी. शिक्का शेवटी, वेगळा : गोल की लांबट, रंग कोणता, आत काय लिहिलंय आणि कुठल्या ओळीवर पडलाय. सही असेल तर कंसात नुसतं ‘सही’. खाली नाव छापलेलं नसेल तर सहीवरून नाव ओळखायला जात नाही.

ऑफिसात नवीन आलेल्यांना मी हे सांगते तेव्हा त्यांना वाटतं, बाई कडक आहेत. कडक वगैरे काही नाही. भ्यालेली आहे.

पेडण्याहून म्हापसा आणि म्हापशाहून डिचोली, असा माझा रोजचा प्रवास गेली पंचवीस वर्षं चालू आहे. डिचोलीत एका वकिलांच्या ऑफिसात मी टायपिंग करते. जुन्या झेरॉक्स नीट वाचता येत नाहीत, म्हणून त्यांच्यासोबत टाइप केलेली प्रत जोडावी लागते. ती मी तयार करते, आणि ‘खरी प्रत’ म्हणून वकील खाली सही करतात. आलेल्या पक्षकारांना ते माझ्यादेखत सांगायचे, “हिच्या प्रतीवर मी न बघता सही करतो.” ऐकताना मी मान खाली घालायची, पण आतून फुलायची. माझ्या पुढच्या सगळ्या गप्प बसण्याचं मूळ त्या वाक्यात आहे.

नार्व्याकडचे एक काका आमचे पक्षकार होते. जन्म फेरीबोटीवर दोर टाकण्यात आणि ओढण्यात गेलेला. घर त्यांचं, पण जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. भाटकाराच्या परवानगीनं असं घर करून राहणारा तो मुंडकार, आणि मुंडकार म्हणून नोंद झाली की त्याला घरातून कोणी काढू शकत नाही. काकांची नोंद झालेली नव्हती. भाटकाराच्या मुलांनी जागा विकायला काढली तेव्हा काकांनी मामलेदाराकडे अर्ज केला. जुना पुरावा एकच होता. चाळीसेक वर्षांपूर्वी तलाठी घर बघायला आला होता, त्यानं भरलेला छापील नमुना. त्याची झेरॉक्स काकांनी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या डब्यात, अशी जपली होती.

नमुना सोपा होता. ‘घर मातीचे / चिऱ्याचे’, ‘विहीर आहे / नाही’, आणि कडेला सूचना : नको ते खोडावे. शेवटची ओळ होती ‘अर्जदार सदर घरात राहतो / राहत नाही’. त्या ओळीच्या बरोबर वर तलाठ्यानं सही ठोकलेली, आणि सहीची शेपटी खाली येऊन ‘राहतो’मधून आरपार गेलेली. ‘राहत नाही’वर कचेरीचा गोल शिक्का. झेरॉक्समध्ये रंग नसतो. सही काळी, शिक्का काळा, छपाई काळी. शिक्क्याच्या काळोखातून ‘राहत नाही’ जेमतेम दिसत होतं, आणि ‘राहतो’ खोडल्यासारखं.

मी टाइप केलं : अर्जदार सदर घरात राहत नाही.

मला दिसलं नव्हतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. दिसलं होतं. त्या तलाठ्यानं वरच्या सगळ्या ओळींतलं नको ते फूटपट्टी लावून खोडलं होतं, दोन-दोन सरळ रेघांनी. एवढा टापटिपीचा माणूस शेवटच्याच ओळीत एक वाकडी रेघ कशी मारेल? हा प्रश्न माझ्या डोक्यात आला. पण कंसात ‘स्पष्ट नाही’ लिहिलं असतं तर वकिलांनी विचारलं असतं, “हे काय, बाय?” मला स्वच्छ प्रत द्यायची होती.

वकिलांनी ती वाचली आणि काकांना बोलावून घेतलं. “काका, तुमच्याच कागदात तुम्ही तिथं राहत नाही म्हणतोय तलाठी. हा लावला तर आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेऊ.”

काकांनी तो टाइप केलेला कागद उलटसुलट करून बघितला. मग दारात उभ्या असलेल्या काकींवर उसळले. “तूंच! तूं ‘घरांत ना’ म्हणून सांगलें आसतलें, आनी ताणें तेंच बरयलें!”

तलाठी आला त्या दिवशी काका फेरीवर होते. घरी काकी एकट्या, म्हणून त्यांनीच तसं सांगितलं आणि तलाठ्यानं तेच लिहिलं, असं काकांचं म्हणणं. काकींनी माघार घेतली नाही. “पावणो दारार आयलो, घोव खंय म्हण विचारलें, फेरीर गेला म्हण सांगलें. आनी कितें सांगतलें? पेटयेंत घालून दवरला म्हण?”

आम्ही सगळे हसलो. मीही.

कागद बाजूला ठेवला गेला. दुसरा जुना पुरावा नव्हता, आणि मामलेदाराकडे अर्ज नामंजूर झाला. उपजिल्हाधिकाऱ्यांकडे अपील केलं, घर सोडण्याला तात्पुरती स्थगिती मिळाली. त्यानंतर प्रत्येक तारखेला दोघं यायची, आणि प्रत्येक तारखेला काका कोणाला ना कोणाला ऐकवायचे, की बायकोच्या तोंडानं घर नेलं : “हिच्या तोंडान घर व्हेलें म्हजें.” सुरुवातीला काही वेळा काकी उलट उत्तर देत. मग देईनाशा झाल्या. ऑफिसच्या पायरीवर पिशवी मांडीत घेऊन बसून राहायच्या. एकदा पिशवीतनं दोन तवशी, गावठी काकड्या, काढून माझ्या टेबलावर ठेवल्या आणि हळूच विचारलं, “बाय, हांवें खरेंच तशें म्हणलें आसतलें गो? म्हाका आतां याद जायना.”

त्याच्या थोडं आधीच मी मूळ कागद पाहिला होता.

दुसऱ्याच एका दाव्यासाठी मामलेदार कचेरीत जुनी फाइल तपासायला गेले होते. काकांच्याच गावचा गठ्ठा, त्यात तोच नमुना, मूळचा. शिक्का जांभळा होता, फिकट झालेला. सही निळी. आणि त्या जांभळ्या गोलाच्या खाली, ‘राहत नाही’वरून, काळ्या शाईच्या दोन रेघा. सरळ, फूटपट्टीनं मारलेल्या. निळी शेपटी ‘राहतो’मधून जात होती ती केवळ सहीला थांबायचं कळलं नव्हतं म्हणून. तलाठ्यानं लिहिलं होतं ते काकांच्याच बाजूचं.

मी गठ्ठा बांधला आणि बाहेर आले. दोन वर्षं कोणाला काही बोलले नाही. तवशी मात्र घेतली. घरी नेऊन चिरली, आणि घरच्यांनी चव घेत खाल्ली.

अपिलाची शेवटची तारीख लागली त्या आठवड्यात मी वकिलांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. सगळं सांगितलं. दोन वर्षांचंही सांगितलं, कारण तेच सांगायचं होतं.

ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी कपाटातून ती जुनी झेरॉक्स काढली, खिडकीशी नेली, चष्मा वर सरकवला. मग म्हणाले, “वरच्या ओळी मीही बघितल्या नाहीत. समोर होत्या.” झेरॉक्स टेबलावर ठेवून म्हणाले, “कागद आता लावता येईल. पण उपजिल्हाधिकारी साहेब विचारणार, इतके दिवस का लावला नाही? त्याचं उत्तर फक्त तुझ्याकडे आहे. शपथपत्र करावं लागेल तुला. नावानिशी.”

“करते.”

“आणि त्या दोघांना मी सांगणार नाही हां. तू सांग.”

रीतसर अर्ज करून मूळ कागदाची तपासणी केली, परवानगीनं त्याचा फोटो घेतला आणि रंगीत प्रिंट काढली. शपथपत्र टाइप करताना तीन वेळा चुकले. घरात चवथीच्या मखराचा जांभळा जिलेटीन कागद उरला होता, त्याचा एक तुकडा पर्समध्ये टाकला आणि नार्व्याची बस धरली.

काका बाहेर सोप्यावर जाळं विणत होते. मी प्रिंट काकींच्या हातात दिली. त्यांना वाचता येत नव्हतं. “काकी, अक्षरं नका बघू. रेघा बघा,” म्हटलं, आणि त्या शिक्क्यावर जिलेटीन धरलं. जांभळ्यातून जांभळा शिक्का पुसट झाला. काळं तेवढं उरलं : दोन शब्द, त्यांवर दोन रेघा. मग त्या रेघांचा अर्थ सांगितला. माझी चूक सांगितली. आणि ती कळल्यानंतरची दोन वर्षंही.

काकांचे हात थांबले. “दोन वर्सां तुका खबर आशिल्लें?”

“हय, काका.”

“आनी तूं आमकां ऑफिसांत च्या दिताली?”

मी उभीच राहिले. मलाच रडू येईल आणि ती दोघंच मला समजवायला लागतील, याची भीती वाटत होती. तेवढं तरी होऊ द्यायचं नाही असं बसमध्येच ठरवून आले होते.

काकींनी जिलेटीन माझ्या हातातून घेतलं, प्रिंटसकट नवऱ्याच्या डोळ्यांसमोर धरलं. “पळयात. कोणें तुमचें घर व्हेलें तें पळयात.” काका मान वळवायला लागले तेव्हा त्यांनी हात तिकडे वळवला. “ही इतली लांब सांगूंक तरी आयली. तुमी सोप्यावयल्यान रांदचेकुडींत येवंक शकूंक नात.”

काका जाळं खाली ठेवून उठले आणि आत स्वयंपाकघरात गेले. भांड्यांचा आवाज आला. चहा त्यांनी केला होता. फार गोड होता. कप दोनच आणले, एक काकींना आणि एक मला. माझ्याकडे न बघता दिला. माफी म्हणतात ती हीच का, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

नवीन प्रतीत मी ती ओळ अशी टाइप केली : ‘राहतो’, मग कंसात ‘या शब्दावरून सहीची रेघ गेली आहे, शाई निळी’, ‘राहत नाही’, मग कंसात ‘दोन सरळ काळ्या रेघांनी खोडलेले, वर गोल जांभळा शिक्का’. प्रत स्वच्छ दिसत नव्हती. वकिलांनी ती मूळ कागदाच्या फोटोशी ओळ न् ओळ पडताळली आणि मग सही केली. तेव्हापासून ते न बघता सही करत नाहीत, आणि ते वाक्यही परत कधी म्हणाले नाहीत.

साहेबांनी शपथपत्र वाचून माझ्याकडे एकदा पाहिलं. कागद दाखल करून घेतला आणि प्रकरण मामलेदाराकडे नव्यानं ऐकायला पाठवलं. तिथं तलाठ्याच्या त्या ओळीच्या आधारावर नोंद झाली. घर काकांच्या नावावर मुंडकाराचं घर म्हणून लागलं.

आदेशाची नक्कल घ्यायला मी त्यांच्याबरोबर गेले होते. खिडकीतल्या कारकुनानं सही केली, शिक्का पॅडवर दाबला आणि हात उचलला. काका मागे उभे होते. काकींनी खिडकीच्या गजांतून बोट आत घातलं आणि लिहिलेलं संपतं त्याच्या खाली, कागदाच्या तळाशी ठेवलं.

“सायबा, बरयल्ल्याचेर मारूं नाकात. हांगा पळयात, कितली सुवात आसा.”

कारकून हसला. शिक्का त्यानं काकींच्या बोटाशेजारी, कोऱ्या जागेत मारला.