आक्काचं बिनतंबाखूचं पान

आक्काच्या तोंडात पाणीपुरी मावेना, तिथून हे सगळं सुरू झालं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला मुरुडला दिलेलं, मला लातुरात. पुतण्याच्या लग्नाचा बस्ता बांधायला ती माझ्याकडं आली होती. गंजगोलाईच्या बाजारात दिवसभर साड्या उलथ्यापालथ्या करून दोघींचे पाय गळाले, म्हणून पाणीपुरीच्या गाड्यावर थांबलो. माझी अर्धी प्लेट संपली तरी ही द्रोणात पुरी चुरून, पाण्यात कालवून चिमटीनं खात होती. पाणीही गोडच मागितलेलं. जी बाई भाकरीवर ठेच्याचा गोळा ठेवल्याशिवाय जेवायला बसायची नाही, ती!

"अगं आक्का, पाणीपुरीचा काला केलास की!" मी हसले. गाडेवालाही हसला.

"मावत न्हाई गं तोंडात."

"न मावायला काय झालं? आ कर मोठा."

तिनं केला. पण तो काही मोठा आ नव्हता. मला वाटलं बाई लाजतीय, रस्त्यावर उभी आहे म्हणून. "अजून," म्हटलं. ती म्हणाली, "एवढंच उघडतंय." आणि पदरानं तोंड झाकून घेतलं. माझं हसू तिथंच थांबलं.

घरी आल्यावर खोदून खोदून विचारलं. तेव्हा कळलं, वर्ष होऊन गेलं, तिखट लागलं की तोंडाची आग होते. म्हणून ठेचा सोडला, मग लोणचं सोडलं, मग भाकरी दुधात कुस्करायला लागली. "कुणाला सांगितलंस का?" तर म्हणाली, यांना ठाऊक आहे. हे म्हणजे दाजी. आणि दाजींनी त्यावर इलाज काय केला, तर पानातला चुना कमी केला!

आता हे पानाचं सांगायला पाहिजे. आमच्या दाजींचा मोठा अभिमान, की त्यांच्या घरात तंबाखू कधी शिवली नाही. गुटखा खाणाऱ्या पोरांना ते रस्त्यात थांबवून शिव्या घालतात. पण जेवण झालं की ओसरीवर पानाचा डबा घेऊन बसायचं आणि स्वतःच्या हातानं दोन विडे करायचे. पान पुसायचं, देठ खुडायचा, चुन्याचं बोट फिरवायचं, काताची चिमूट टाकायची, अडकित्त्यानं सुपारी बारीक कातरायची. एक विडा स्वतःला, एक आक्काला. लग्न झाल्यापासून हा नेम. बायकोच्या हातात आयता विडा ठेवणारा नवरा म्हणून आमच्या सगळ्या जावा-नणंदांत दाजींचं कौतुक. मीसुद्धा नवऱ्याला टोमणे मारलेत, "बघा जरा दाजींकडं, शिका." आक्काच्या ओठांवर तो लाल रंग मला फार गोड वाटायचा, खोटं कशाला बोलू.

आणि पान कशासाठी? तर पचनासाठी. पान खाल्लं की अन्न जिरतं, पोट साफ होतं, ढेकर येतो. हे आमच्याकडं कुणाला पटवावं लागत नाही. आक्काला पोट फुगायचा त्रास होताच, त्यामुळं दुपारी एक विडा, रात्री एक, आणि मध्ये तोंडाला चव म्हणून सुपारीचं खांड गालात धरलेलं असायचंच.

दुसऱ्या दिवशी तिला ओढत दाताच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. ओढतच म्हणायचं, कारण बाई रिक्षात बसेना. "दात चांगलेत माझे. उगं पैशाला काडी लावायची."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला शांत. त्यांनी आक्काला तिचीच तीन बोटं एकावर एक धरून उभी दातांमध्ये घालायला सांगितली. दोनसुद्धा नीट जाईनात. मग त्यांनी बॅटरी लावली, गालाच्या आतून बोट फिरवलं आणि मला जवळ बोलावलं. आतला गाल गुलाबी नव्हताच. पांढुरका पडलेला. "हात लावून बघितलं तर आत दोऱ्या ताणल्यासारख्या लागतात. गालाची कातडी आतून कडक होत चालली आहे, म्हणून तोंड उघडत नाही," त्या म्हणाल्या. मग डाव्या गालात अगदी मागं, जिथं आक्का सुपारी धरायची तिथं, एक पांढरा चट्टा दाखवला. कापसानं पुसला, गेला नाही. चट्ट्याच्या कडेला छोटी लालसर जखम होती.

"तंबाखू किती वर्षं खाता, मावशी?"

आक्का असली खवळली! "तंबाखू? आमच्या घरात? न्हाई हो बाई. नुसतं पान-सुपारी खाते मी."

"तेच सांगते आहे. हे सुपारीनं होतं. तंबाखू असली तर धोका आणखी वाढतो, पण एकट्या सुपारीनंही तोंडाचा कॅन्सर होतो."

कॅन्सर. हा शब्द त्या बाईंनी इतक्या साध्या आवाजात उच्चारला की मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं.  मी भांडायलाच लागले, "अहो, पण पचनाला चांगली असते ना? सगळे खातात!" त्या म्हणाल्या, सुपारीनं लाळ सुटते, पोटाला जरा चालना मिळते, म्हणून बरं वाटतं. ते बरं वाटणं खोटं नाही. पण त्यासाठी बडीशेप खा, जेवणानंतर चाला. सुपारी आजपासून बंद, पूर्ण बंद. कडक झालेला गाल पहिल्यासारखा होणार नाही, पण सोडली तर पुढचं थांबण्याची आशा असते. चट्ट्याचा तुकडा मात्र तपासायला पाठवावाच लागेल.

"पण जखम दुखत न्हाई मला," आक्का म्हणाली.

"दुखत नाही म्हणूनच लोक उशिरा येतात."

तुकडा काढला, टाका घातला. रिपोर्टला आठवडा लागेल म्हणाल्या. आक्का लातुरात राहायला तयार होईना. घर सोडून तिला कधी झोप येत नाही. दाजी येऊन तिला घेऊन गेले. मी त्यांना बजावलं, पान बंद. "बंद म्हंजे बंद, मेहुणीबाई," दाजी म्हणाले, "डबाच उचलून ठेवतो."

तो आठवडा माझा कसा गेला मलाच ठाऊक. भाजी करपली, दूध उतू गेलं, नवऱ्यावर उगाच ओरडले. रोज आरशासमोर माझंच तोंड वासून गाल बघत बसायची. आक्का माझ्यापेक्षा मोठी, आईमागं तिनंच मला वाढवलं. तिचं काही बरंवाईट झालं तर माहेर म्हणून मी कुठं जाणार होते? फोनवर ती म्हणायची, बरी आहे. मला तिच्या 'बरी'चा भरवसा कधीच नव्हता. शेवटी राहवेना, सकाळची एसटी धरली आणि मुरुड गाठलं.

ओसरीवर दाजी अडकित्ता घेऊन बसलेले. शेजारी आक्का, गाल एका बाजूनं फुगलेला.

"काय आहे गं तोंडात?"

आक्का खाली बघायला लागली. दाजीच बोलले, आणि चांगले छातीठोकपणे. "पान बंद केलंय. चुना बंद, कात बंद. चुन्यानंच तोंड भाजतं हो. तिचं पोट लई फुगलं, डोकं धरून बसली, म्हणून नुसती सुपारी दिली. तीबी भाजून."

कप्पाळ माझं! जे फेकायचं तेच तेवढं ठेवलेलं!

"दाजी, डॉक्टरीणबाईंनी सुपारीच बंद करायला सांगितली होती!" मी इतक्या मोठ्यांदा ओरडले की शेजारीण कुंपणापाशी आली. दाजींचा चेहरा पडला. म्हणाले, "सुपारी कशी वाईट असंल? पूजेत गणपती म्हणून सुपारीच मांडतो आपण. ओटीत तीच, आमंत्रणाला तीच. त्यात जहर असतंय का?"

 माणूस खोटं बोलत नव्हता, हलगर्जीही नव्हता. बायकोचं पोट दुखतंय म्हणून बसून सुपारी भाजत होता. मी आक्कासमोर हात धरला. तिनं लहान पोरीसारखी मुकाट्यानं सुपारी हातावर थुंकली. मी अडकित्ता पिशवीत टाकला आणि दोघांनाही लातूरला घेऊन आले.  येताना एसटीत आक्का चिडचिडी झाली होती, सारखं गालातून जीभ फिरवत होती. सुपारी सुटताना असंच होतं म्हणे.

रिपोर्टच्या दिवशी तिघं गेलो. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि आधी आक्काचा हात हातात घेतला. तेव्हाच मी समजले. कॅन्सरच होता. सुरुवातीचा, लहान, लवकर सापडलेला, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. ऑपरेशन करावं लागेल, गालाचा तेवढा भाग काढावा लागेल, मानेतल्या गाठी तपासाव्या लागतील. मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी देते म्हणाल्या आणि लिहायला बसल्या.

आम्ही बाहेर बाकावर येऊन बसलो. मी रडत होते, लाज न बाळगता. आक्का रडत नव्हती. दाजी आपल्या हातांकडं बघत बसले होते. चुना-कातानं त्यांच्या बोटांची टोकं कायमची तांबूस झालेली आहेत. मग म्हणाले, "मीच चारलं का गं तुला हे?"

मला वाटलं ती म्हणेल, न्हाई हो, नशिबाचा खेळ. बायका म्हणतात तसं काहीतरी.

आक्का म्हणाली, "हाव. तुमी चारलं, मी खाल्लं. गोड लागत होतं." मग त्यांच्याकडं वळली. "आन् तुमी काय उपास करत होता का? दोन विडे व्हायचे की. आ करा."

"आँ?"

"आ करा म्हणते. उजेड दाव गं मोबाईलचा."

मी डोळे पुसून मोबाईलचा उजेड धरला. दाजींनी भर व्हरांड्यात, लोकांसमोर, तोंड उघडलं. आक्कानं बोटानं त्यांचा गाल बाजूला केला. दोघींनी वाकून बघितलं. आत, मागच्या दाढेपाशी, गाल पांढरा होता.

 आक्कानं बोट काढलं, पदराला पुसलं आणि दाजींचं मनगट धरून त्यांना उठवलं.

"अगं, मला कुठं काय दुखतंय?" दाजी म्हणाले.

 आक्कानं डॉक्टरीणबाईंच्या दाराला हात घातला आणि ते परत उघडलं.