थोरली आणि पाहुणी

ओहोटी पहाटेची असली की दगडूबाबांचा दिवस तीनला सुरू व्हायचा. पाणी उतरलं की होड्या कल्याणच्या खाडीत जायच्या. तळाशी बांबू रोवायचा, त्याला धरून खाली जायचं, बादली रेतीने भरायची, दोरी हलवायची. वरचा माणूस बादली ओढायचा. बादली वर पोहोचेपर्यंत खालच्याने दम धरायचा. हे काम बाबांनी तरुणपणी केलं. दगडूबाबा म्हणजे माझे वडील. मी आनंदा, त्यांचा थोरला मुलगा. मीही कारखान्यात हातानेच काम करून निवृत्त झालो, त्यामुळे कष्टाबद्दल वाढवून लिहिणार नाही.

लग्न ठरल्यावर दोन भरलेल्या होड्यांमध्ये बाबांचा डावा पाय सापडला. हाड जुळलं, पण वाकडं. पाय आखूड झाला. लग्नाला ते काठी घेऊन उभे राहिले.

माझी आई रंगूबाई टिटवाळ्याकडची. वरात आंबिवलीला आमच्या दारात आली. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. नवरीने उजव्या पायाने ते लवंडायचं आणि घरात यायचं. बाबा तिच्या शेजारी. त्यांनी काठी पुढे टाकली, ती मापाला लागली आणि तांदूळ घरभर झाले. नवरीचा पाय वरच राहिला. बाबांची आत्या जाईबाई दारातच ओरडली, "आली गं बाय, थोरली आधीच घरात शिरली! आता तू धाकटी!"

बायका हसल्या. पण नुसतं हसण्याने नाव पडत नाही. ठेवलेलं नाव दुसऱ्याने वापरावं लागतं. ते काम आईने केलं. दुसऱ्या सकाळी ती बाबांना म्हणाली, "थोरलीला घेऊन जरा बाहेर व्हा, मला सारवायचंय." त्या दिवसापासून घरात काठी हा शब्द बंद झाला.

मग थोरली रुसायची, थोरलीला थंडी वाजायची. तिला चुकून पाय लागला तर आम्ही पोरं तिच्या पाया पडायचो. दसऱ्याला आई स्वतः कुंकू लावायची आणि एक बोट थोरलीला. "सवत असली म्हणून काय झालं, मान द्यावा लागतो," म्हणायची. आईला नथ झाली तेव्हा बाबा म्हणाले, "थोरलीच्या मुठीला चांदीचं टोपण करीन." पाय गेल्यावर ते एका गोदामावर राखणदार झाले होते. त्या पगारातून टोपणासाठी ते थोडं थोडं बाजूला टाकत. नोटा आईच्या जुन्या लुगड्यात बांधलेल्या असत.

घरात नवी सून आली की तिला ही गोष्ट सांगायची. मापापर्यंत आई सांगायची. मग बाबा म्हणायचे, "आणि तांदूळ कोणी गोळा केले? मी!" गोष्ट ऐकल्याशिवाय सुनेने थोरली म्हणायचं नाही, असा कोणी न सांगितलेला नियम होता. माझी बायको हेमा आली तेव्हा असंच झालं. माझा मुलगा सूरज लग्न करून संचिताला घेऊन आला तेव्हा मात्र आई नव्हती. बाबांनी एकट्याने गोष्ट सांगितली नाही. आम्हीही नाही. संचिता आपली "आजोबांची काठी" म्हणत राहिली.

बाबांची आणखी एक सवय सांगायला हवी. पाहुणा निघाला की ते बसून निरोप देत नसत. पाय दुखो की ताप असो, थोरलीला घेऊन नाक्यापर्यंत जायचे आणि "या परत" म्हणायचे. आई म्हणायची, "पाहुण्याला सोडायला जातील आणि त्याच्याच घरी जेवून येतील!"

गेल्या श्रावणात बाबा मोरीत पडले. खुब्याचं हाड मोडलं, त्याच डाव्या पायाचं. आम्ही त्यांना कल्याणच्या एका इस्पितळात नेलं. थोरलीला त्यांनी स्ट्रेचरवरही सोडलं नाही. एक्स-रेच्या खोलीत जाताना मात्र ती बाहेर भिंतीला टेकवली गेली. कोणी टेकवली, यावर आमचं आजही एकमत नाही. बाहेर आलो तेव्हा भिंत रिकामी होती.

ऑपरेशन झालं. हाडात सळई बसली. शुद्धीवर आल्यावर बाबांनी उजवा हात पलंगाच्या कडेवर फिरवला.

"थोरली कुठं हाय?"

"घरी ठेवलीय," हेमा म्हणाली.

"घरी ती एकटी काय करतेय?"

व्यायाम शिकवायला उर्वी मॅडम यायच्या. तरुण बाई, हाताला जोर चांगला. त्यांनी मला बाजूला घेतलं. "काका, सळई उभं राहायला घातली आहे. हे झोपून राहिले तर पायातली ताकद जाईल आणि छातीत कफ धरेल. या वयात छातीचं दुखणं पायापेक्षा वाईट." त्यांनी वॉकर आणला. बाबा म्हणाले, "पिंजरा हाय. थोरलीला आणा, उठतो." रोज हेच. आठवडा गेला. बाबांच्या छातीत घरघर सुरू झाली.

मी आणि सूरज थोरलीला शोधायला लागलो. इस्पितळाच्या राखणदाराने विचारलं, "काठी कशाची होती?"

मी म्हणालो, "बांबूची."

सूरज मला म्हणाला, "बाबा, वेताची ना?"

"किती उंच? मूठ कशी?"

ज्या काठीच्या मी लहानपणी पाया पडलो, तिची मूठ मला सांगता येईना. फोनमधले फोटो काढले. सगळ्यांत बाबांचा चेहरा, बाबांच्या मांडीवर पोरं. काठी कुठेच पुरी नाही. आम्हाला तिचं नाव, तिचा स्वभाव, तिची सगळी भांडणं पाठ होती. ती दिसायची कशी, हे कोणी पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी घरी संचिताने सांगितलं. "बांबूची. भरीव, पिवळट काळी. खालून दुसऱ्या पेराला चीर आहे आणि त्यावर तांब्याची तार गुंडाळलीय. मुठीला सुती दोरी, ती अंगठ्याखाली तुटलीय. उंची माझ्या कमरेच्या थोडी वर."

हेमाने विचारलं, "तू कधी बघितलीस एवढी?"

"रोज. आई, तुमच्यासाठी ती थोरली होती. माझ्यासाठी काठीच होती ना."

ते वर्णन घेऊन आम्ही परत फिरलो. चहावाला, रिक्षावाले, शहाडपर्यंतची भंगाराची दुकानं. शेवटी इस्पितळातल्या झाडूवाल्या शेवंतीबाईंनी ओळखलं. "तार गुंडाळलेली? ती मोडक्या खुर्च्यांसोबत भंगाराच्या गाडीत गेली, दादा. त्याच दिवशी. मला वाटलं टाकलेली हाय." बिचारी हात जोडायला लागली. तिचा काय दोष? मी जिना उतरलो आणि पायरीवरच बसलो. बांबूचा एक तुकडा गेला म्हणून माणूस जातो, असं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. आता ते समोर दिसत होतं.

मग आम्ही एक चूक केली. सूरजने तसाच बांबू मिळवला. तार गुंडाळली, मुठीला दोरी बांधली. हेमाने कुंकवाचं बोट लावलं. ती म्हणाली, "बाबा, थोरली आली."

बाबांनी हात पुढे केला. अंगठा दोरीवरून फिरवला, मग खाली तारेपर्यंत.

"ही कोणाची पोर धरून आणली?" ते म्हणाले. "मेली तर मेली म्हणा. तिच्या नावावर दुसरी उभी करता? तुमच्या आईला असं केलं असतं?"

काठी त्यांनी टाकली नाही. हळूच गादीवर ठेवली. मग भिंतीकडे तोंड फिरवलं. रात्रीची पेज तशीच राहिली, सकाळचीही. उर्वी मॅडमनी छाती तपासली आणि डॉक्टरांना बोलवायला गेल्या. नाव एका वस्तूवरून काढून दुसरीवर चिकटवता येत नाही, हे त्या म्हाताऱ्याला कळत होतं आणि आम्ही त्यालाच फसवायला निघालो होतो.

दुपारी संचिता आली. तिच्या हातात औषधाच्या दुकानातली काठी होती. ॲल्युमिनियमची, खाली चार पाय, चारींना रबरी बूट. तिने ती पलंगाजवळ उभी केली. ती आपली आपण उभी राहिली.

बऱ्याच वेळाने बाबांनी मान वळवली. "ही आणि कोण?"

"कोणी नाही, आजोबा."

"हिलापण थोरली म्हणणार?"

"छे! हिला नाव नाही की गाव नाही. तुम्हाला बघायला आलीय. पाहुणी."

"मंग बघितलं. जा म्हणावं."

"जाईल ना. ती काय राहायला आलीय?" संचिता स्टुलावर बसली. "पण पाहुणीला पलंगावरूनच निरोप द्यायचा? आपल्याकडे चालतं का असं? मी नवीन आहे, मला माहीत नाही."

बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. हेमा काही बोलणार होती, मी तिचा दंड धरला.

"कोणी शिकवलं गं तुला एवढं?" ते म्हणाले. मग माझ्याकडे. "उठवा रे. दारापर्यंत सोडतो."

उर्वी मॅडमनी कमरेला पट्टा बांधला. पाठीखाली हात घालून त्यांना बसवलं, पाय खाली सोडले. काठीची उंची त्यांच्या मनगटाशी जुळवली. "उजव्या हातात धरा. दुखरा पाय डावा, म्हणून काठी उजवीकडे. आधी काठी, मग डावा, मग उजवा." बाबांना हे आयुष्यभर माहीत होतं. पण पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ते ऐकत राहिले. उठले. चेहरा पांढरा पडला, दातांवर दात बसले. भरलेली बादली ओढणाऱ्या माणसाच्या मानेवर जी शीर उठते, ती उठली. काठी, डावा, उजवा. मध्ये थांबले, धापा टाकल्या. एकदा गुडघा लटपटला तेव्हा मॅडमनी पट्टा खेचून धरला.

दारात पोहोचल्यावर त्यांनी काठी संचिताच्या हातात दिली आणि चौकट धरून उभे राहिले.

"या परत," बाबा काठीला म्हणाले. सवयीने.

आता 'या' म्हटलेली पाहुणी येणारच. दुसऱ्या दिवशी ती आली. तिलाही दारापर्यंत सोडावं लागलं. त्याच्या पुढच्या दिवशी जिन्यापर्यंत.

घरी आल्यावर रोज संध्याकाळी तेच. अंगणाचं फाटक, मग नाका. परत आणताना संचिता पाहुणीला उलटी काखेत धरायची आणि बाबा तिच्या खांद्यावर हात ठेवून यायचे. आल्यावर विचारायचे, "थोरलीचा काही निरोप?" आम्ही नाही म्हणायचो. खोटं बोलायचं नाही, एवढं शिकलो होतो. काही संध्याकाळी ते जेवत नसत. काही वेळा भिंतीकडे तोंड करून पडत आणि मला वाटायचं, आता उद्या उठणार नाहीत. उद्या पाहुणी यायची.

दिवाळीत एकदा ते ओट्यावर बसले आणि संचिताला जवळ बोलावलं. आईचा अर्धा भाग त्यांनी स्वतः सांगितला. मापापाशी थांबले.

"आणि तांदूळ कोणी गोळा केले, आजोबा?" संचिताने विचारलं. सूरजकडून ऐकलं असावं.

"मी," बाबा म्हणाले. "तुझी आजीपण वेचत होती माझ्यासंगं. हे मी कधी सांगितलं नव्हतं."

त्या दिवशी संचिता पहिल्यांदा थोरली म्हणाली. जिला म्हणाली ती तेव्हा जगात नव्हती.

मागच्या महिन्यात बाबांनी पाहुणीला उलटी करून बघितलं. चारी रबरी बूट एका बाजूने पार झिजले होते. एकातून ॲल्युमिनियम दिसत होतं. ओल्या फरशीवर ती घसरली असती. मी म्हटलं, मी आणतो.

"तू नाय," ते म्हणाले. "पाहुणीला अनवाणी ठेवायची का?"

त्यांनी आईचं लुगडं काढायला लावलं. गाठ स्वतःच सोडली. आम्हाला हात लावू दिला नाही. चांदीच्या टोपणासाठी ठेवलेल्या त्या नोटांमधून त्यांनी संचिताला पैसे दिले आणि पाहुणीसाठी चार नवे बूट आणवले. उरलेल्यांना परत गाठ मारली नाही. त्या संध्याकाळी त्यांनी थोरलीचा निरोप विचारला नाही.