फरशीवरचं पाणी

जळकोटच्या अलीकडच्या त्या गावात म्हैस कधी व्यायची, हे जनावरांच्या दवाखान्याच्या कार्डावर पाहायचं सोडून लोक चांगुणाबाईला विचारत. कार्ड दिवस सांगतं, चांगुणाबाई वेळ सांगायची. ज्या गल्ल्यांनी तिच्या सासूला कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं, त्या गल्ल्यांतले लोकही सकाळी सकाळी हाक मारायला यायचे. याची तिला गंमत वाटे आणि थोडा रागही येई, पण जनावराचा काय दोष म्हणून ती जायची.

नुसती भरलेली कास पाहून हुरळणाऱ्यांना ती खडसावायची. "कास फसवती. शेपटीच्या मुळाशी दोन्हीकडं खड्डा पडला, तिथलं मांस लोण्यावानी ढिलं झालं, की मग म्हणा." त्यानंतर मागून चिकट, काचेसारखी तार लोंबू लागली, म्हैस वैरण टाकून ऊठबस करायला लागली, की सगळ्यांना गोठ्याबाहेर काढायची. कुत्रं नको, मोबाईल नको, बघे तर मुळीच नकोत. "तुमी व्हता का कुनापुढं बाळंत?" असं विचारलं की बाया तोंडाला पदर लावून पळत.

व्यायची जागा तयार करायची तिची रीत ठरलेली. जुनं शेण आणि ओला कचरा खरडून काढायचा, कडुनिंबाचा पाला उकळलेलं पाणी बादलीभर ओतायचं आणि वर कोरडं भुसकट हातभर पसरायचं. चाळीस वर्षं तिनं हे मातीच्या गोठ्यात केलं. माती घटकाभरात पाणी पिऊन टाकायची.

तिचा मुलगा आनंदराज उदगीरला शाळेत शिक्षक. आईचे गुडघे गेले, चिखलात पाय घसरतो, म्हणून त्यानं यंदा उन्हाळ्यात गोठ्यात शहाबादी फरशी टाकली. चांगुणाबाईनं ती फरशी अर्ध्या गावाला दाखवली. लोकांच्या घरात नसते अशी फरशी माझ्या म्हशीला, हे ती बोलायची नाही, पण चालण्यात दिसायचं.

दसऱ्यानंतर तिची स्वतःची म्हैस दिवसांत आली. सकाळी शेपटीजवळ हात लावला आणि तिनं सुनेला, मनिषाला, सांगितलं, "आज दुपार टळत न्हाई." मग सगळं रीतीप्रमाणे केलं. फरशी खरडली, कडुनिंबाचं पाणी ओतलं, वर भुसकट पसरलं, दावं सैल केलं, दाराला पोतं टांगून अंधार केला. गोठा इतका स्वच्छ तिनं आयुष्यात पाहिला नव्हता.

दुपारी म्हैस उठायला गेली आणि भुसकटाखाली मागचे दोन्ही पाय दोन दिशांना गेले. पोट जमिनीवर आदळल्याचा आवाज ओसरीपर्यंत आला.

सुट्टीला घरी असलेल्या आनंदराजनं फोन केला, डॉक्टर तासाभरात आले. कळ येईल तसं ओढत त्यांनी रेडी जिवंत काढली. म्हैस मात्र उठेना. मांडीच्या आतलं मांस फाटलंय, म्हणाले. मागचे पाय एकत्र बांधले, सलाईन लावलं, वाळू पसरून दर दोन-तीन तासांनी कूस बदलायला सांगितलं. चांगुणाबाई आठ दिवस तिच्याजवळून हलली नाही. निजल्या म्हशीचा चीक काढून तिनं रेडीला पाजला. नवव्या दिवशी म्हैस मेली.

भेटायला आलेला प्रत्येकजण फरशीलाच बोलला. शेजारचा देविदास तर आनंदराजच्या तोंडावरच म्हणाला, "मास्तर, जनावराला माती लागती. शिकल्याली मानसं तुमी, आईला तरी इचारायचं." आनंदराज मान खाली घालून ऐकत राहिला. चांगुणाबाईनं तोंड उघडलं नाही. चाळीस वर्षांत तिच्या हाताखाली एकही जनावर दगावलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटत होती.

रविवारी आनंदराज पहार घेऊन फरशी उखडायला लागला. तिसरा दगड निघाला तेव्हा तिला बघवेना.

"ऱ्हाऊ दे रं. फरशीचं काय न्हाई. पानी मी वतलं व्हतं, मातीवर वततात तसं. वाळायची वाट न्हाई बगितली."

त्यानं पहार थांबवली नाही. "म्हाईत हाय आई. डॉक्टर यायच्या आदी मीच वलं भुसकट उचलून उकिरड्यावर टाकलं."

"मग देविदासला बोलला का न्हाईस?"

"माज्याकडं कोन येतंय म्हशी दावायला? तुज्याकडं येतात."

ती तिथंच उंबऱ्यावर बसली. पुढच्या आठवड्यात देविदास गाभण गाय दाखवायला बोलवायला आला. चांगुणाबाई आतूनच म्हणाली, "डॉक्टरला दाव बाबा. मला आता दिसत न्हाई."

तिला अजून सुईत दोरा ओवता येत होता.