मामांनी जावयाची दाढी केली तेव्हा

आमच्या सलूनमध्ये खुर्च्या दोन आणि तोंड एकच, मामांचं. मी त्यांची भाची, दुसरी खुर्ची माझी. माझं गिऱ्हाईक असलं तरी सल्ला मामांचाच.

"गोल चेहरा, इवलीशी हनुवटी, आणि गुळगुळीत दाढी? चेंडू दिसशील! दाढीचे खुंट राहू दे, हनुवटीवर जरा दाट, गालांवर बारीक," ते एकाला सुनवायचे. दुसऱ्याला, "असा कोरीव जबडा, गालांवर वाढ मात्र इथे चार केस, तिथे चार. हे खुंट नाहीत, तोंड न धुतल्यासारखं दिसतंय. काढून टाक!" लोक शिव्या खायला यायचे म्हटलं तरी चालेल.

मामांची एकुलती एक लेक त्या दिवशी दुपारी लग्न करणार होती. सकाळी होणारा जावई मामांच्या खुर्चीत बसला. त्याला फॅशनचे खुंट हवे होते, फोटोत रुबाबदार दिसायला. मामांनी बोटांनी जबडा चाचपला. चौकोनी, रेखीव. गाल मात्र विरळ. मला वाटलं, आता मामांच्या तोंडाचा पट्टा सुटणार.

"तुम्ही म्हणाल तसं," मामा म्हणाले. वर्षभर या मुलाशी ते असेच गोड बोलत होते. मला मेली चीडच आली. जगाला सुनावणारा माणूस जावयापुढे मूग गिळून!

ट्रिमर फिरला. विरळ ठिगळं उडवायला मामांनी गालावरची रेघ खाली आणली. मानेवरची रेघ कंठमण्याच्या दोन बोटं वर हवी, हे त्यांनीच मला शिकवलेलं. पण जावयाच्या धास्तीत रेघ वर सरकत थेट जबड्याच्या कडेला गेली. उरला जबड्याभोवती नुसता हेल्मेटचा पट्टा.

मामा घामाघूम. एकुलत्या पोरीच्या लग्नाचे सगळे फोटो त्या पट्ट्यात अडकले होते.

"चुकलो," ते शेवटी म्हणाले. "तुम्हाला खुंट शोभतच नाहीत. वाढ विरळ, जबडा देखणा. साफ दाढीच हवी होती. भीतीपोटी बोललो नाही."

जावई आरशात बघून खो खो हसला. मग म्हणाला, "बाबा, इथे सगळ्यांना तुम्ही तोंडावर बोलता. मलाच कधी नाही. मला वाटायचं, तुम्ही मला अजून परकाच समजता."

मामांनी ट्रिमर खाली ठेवला. मी गरम टॉवेल आणून दिला. मामांनी फेस लावला, वस्तरा केसांच्या दिशेने हळूहळू उतरवला. एका बाजूला फेसाखालून असा जबडा निघाला, की मी माझं गिऱ्हाईक सोडून बघत राहिले. जावईसुद्धा स्वतःला बघायला वळला.

"मान हलवू नकोस, गाढवा! कापेल ना!" मामा कडाडले.

जावयाने मान सरळ केली. उरलेल्या फेसाच्या वर त्याचे डोळे भरलेले दिसत होते, आणि तो लहान मुलासारखा हसत होता.