नाव तं वाचा, भाऊ

माझा स्वभाव तापट आहे आणि ढिसाळपणा मला सहन होत नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचा तो फोल्डर पाहिला की माझं डोकंच फिरायचं. अमरावतीतली आमची संस्था छोटी होती. कापसाचे ते वाईट दिवस. ज्या घरचा कर्ता माणूस जीव देऊन गेला, त्या घरी आमच्या बाया महिन्यातून एकदा जायच्या, बसायच्या, चौकशी करायच्या. परत येऊन फॉर्म भरायचा, तो गावातल्या दुकानात स्कॅन करून पीडीएफ ईमेलनं पाठवायची. मी त्या सगळ्या उतरवून एका फोल्डरमध्ये टाकायचो. नावं म्हणजे देवाच्या भरोशावर. कुणी 'स्कॅन एक', कुणी 'फायनल', कुणी 'फायनल नवीन'. एकच फाइल दोनदोनदा आलेली.

मी मूळचा अकोल्याचा. बायको गेल्यावर तिथलं घर खायला उठायचं, म्हणून बडनेऱ्याला एक खोली घेतली होती. दिवसभर कॉम्प्युटर, संध्याकाळी खोली. माझ्याशी कामापलीकडं बोलणारं माणूस एकच होतं. मूर्तिजापूरकडची गावं पाहणाऱ्या आपा. आपा म्हणजे थोरली बहीण, सगळे त्यांना तेच म्हणायचे. पन्नाशीच्या, शिलाईचं काम करून संस्थेचंही करायच्या. फाइल पाठवली की न चुकता फोन. "भाऊ, आली का? अन् जेवले का तुमी?" मी नुसतं हो म्हणायचो. दोन वर्षं मी त्यांना उलट कधी विचारलं नाही की तुम्ही जेवलात का. किती कोरडा माणूस होतो मी!

एकदा भारनियमनाच्या दिवसांत त्यांचा असाच फोन आला. "भाऊ, दुकानात लाइट अर्धा घंटाच येते अन् स्कॅनरवाला गायब. एका घरचा फॉर्म पाठवाचा आहे, त्यात सारं मागच्यासारखंच आहे. काय करू?"

मी कुठल्यातरी तक्त्यात अडकलो होतो. म्हटलं, "सारं तेच असलं तं जुनीच फाइल पाठवा. नुसतं नाव बदलवा."

"नावात काय लिहू?"

"काय आजचं आहे ते लिहा," असं म्हणून मी फोन ठेवला. मला तारीख म्हणायचं होतं.

पुढं वरून तपासणी येणार म्हणून सरांनी मला फोल्डर साफ करायला सांगितलं. सर म्हणजे आमचे प्रमुख. एकेक फाइल उघडून पाहणं म्हणजे जन्म जायचा. म्हणून मी एक छोटा प्रोग्राम मिळवला. तो आधी सारख्या आकाराच्या फाइली बाजूला काढतो, मग प्रत्येक फाइल आतून पूर्ण वाचून तिचा एक लांबलचक अंक-अक्षरांचा ठसा तयार करतो. आत एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर ठसा पार बदलतो. एकच कागद दोनदा स्कॅन केला तरी दोन वेगळे ठसे येतात, कारण दोन स्कॅन कधी तंतोतंत सारखे नसतात. ठसा जुळला म्हणजे ती त्याच फाइलची नक्कल, दुसरं काही नाही. नावाकडं तो ढुंकूनही पाहत नाही, कारण नाव फाइलच्या आत नसतंच, वरून लावलेलं असतं.

मी खूश झालो होतो. बहुतेक जोड्या दोनाच्या, तिनाच्या होत्या. एक मात्र नऊची निघाली. नऊ नावं, आत एकच फॉर्म. मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातली एकटी बाई, परिस्थितीत बदल आहे का, या रकान्यात 'नाही'वर खूण. नऊच्या नऊ फाइली आपांनी पाठवलेल्या.

माझं डोकं सणकलं. नऊ महिने घरी न जाता जुनाच फॉर्म पाठवून राहिल्या! आणि मी तावातावानं यादी छापून सरांच्या टेबलावर ठेवली. त्या यादीत फाइलींची नावं नव्हती. फॉर्मवरचं नाव, गाव, आणि पुढं 'एकच फाइल, नऊ वेळा'. मग नियमाप्रमाणं प्रोग्रामला सांगितलं, सगळ्यात जुनी ठेव, बाकीच्या काढ. त्यानं काढल्या.

आपांना बोलावलं. त्या सकाळच्या गाडीनं आल्या, हातात माझ्यासाठी डब्यात काहीतरी होतं. सरांनी विचारलं, "काहून गेल्या नाही तुमी त्या घरी?"

"दर महिन्याले गेली, सर."

"मग फॉर्म एकच काहून?"

आपा माझ्याकडं वळल्या. "नाव तं वाचा, भाऊ."

मी रागातच होतो. "वाचलं ना! नाव बी तेच आहे, गाव बी तेच आहे."

तेवढ्यात मला फोनवरचं ते आठवलं. जुनीच फाइल पाठवा, हे मीच म्हटलं होतं. आता बोलावं, एवढं म्हणावं की सर, हे मी सांगितलं होतं. तोंड उघडलं नाही. सरांपुढं माझी चूक निघेल ही भीती वाटली, आणि मनाची समजूत घातली की एकदा सांगितलं होतं, नऊदा थोडंच. आपांनीही माझं नाव घेतलं नाही. त्यांचं काम त्याच दिवशी सुटलं. डबा माझ्या टेबलावर राहिला.

त्यानंतर फोन कमी झाले असं नाही, पण जेवलात का असं विचारणारा एकही नव्हता. दुपारी डबा उघडला की मी उगीच फोनकडं पाहायचो. एकदा मूर्तिजापूरला उतरून त्यांचं घरही शोधलं. कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, लेकीकडं गेल्या, कुठं ते मालूम नाही.

दोन वर्षांनी संस्थाच बंद झाली. सगळं सीडीवर उतरवून द्यायचं काम माझ्याकडं आलं. फाइली का कमी आहेत असं सरांनी विचारलं, म्हणून मी त्या प्रोग्रामनं साफसफाईच्या वेळी लिहून ठेवलेली नोंद उघडली. कोणती फाइल ठेवली, कोणत्या काढल्या, पूर्ण नावासकट. चाळता चाळता आपांच्या फाइलींच्या ओळी आल्या. इंग्रजी अक्षरं, मध्ये जागा न सोडता सलग टाइप केलेली. तेव्हा मला तो नुसता कचरा वाटला होता. आता रिकामाच बसलो होतो म्हणून बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, आणि ते मराठी निघालं.

'आज दार उघडलं.' पुढं, काढली.

'आज पानी देल्लं प्याले.' काढली.

'आज बोलली नाई पन बसू देल्लं.' काढली.

'आज चूल पेटवली.' काढली.

'आज मले आपा म्हनून हाक मारली.' काढली.

फॉर्मवर बदल 'नाही', कारण फॉर्ममध्ये विचारलेलं काहीच बदललं नव्हतं. जे बदललं होतं ते लिहायला कुठं रकाना नव्हता. काय आजचं आहे ते नावात लिहा, असं मी सांगितलं होतं, आणि आपांनी अक्षरशः तसंच केलं होतं. त्या फाइलीचं नाव वाचा म्हणत होत्या. मी बह्याड, माणसाचं नाव वाचून बसलो.

खाली अजून ओळी होत्या. सरांनी आतून आवाज दिला, सापडलं का? मी म्हटलं, हो सर, पाहून राहिलो.

शेवटची ओळ नुसती त्या घराबद्दल नव्हती.

'आज तिनं जेवू घातलं. भाऊ, वाचून राहिले ना तुमी?'

काढली.